बरणीवर आधी लोणच्याचे नाव

घरगुती लोणच्याच्या लेबलाविषयी एक समजूत सर्वत्र आढळते. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या बरण्यांमध्ये आपली बरणी हरवू नये, म्हणून लेबल भडक असावे, त्यावर कैरीचे चित्र असावे, ‘आजीच्या हातची चव’ असावी, सोनेरी किनार असावी. वाचता येण्याचा विचार नंतर होतो. उरलेल्या जागेत जे मावेल ते मावेल. म्हणजे उठून दिसणे आणि वाचता येणे ही दोन वेगळी कामे मानली जातात, आणि पहिल्यासाठी दुसऱ्याचा थोडा बळी द्यावाच लागतो असेही गृहीत धरले जाते.

ही समजूत मला उथळ वाटते. माझे म्हणणे असे की अनोळखी उत्पादकाच्या बरणीला गर्दीत उठून दिसण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे, आणि तो म्हणजे दुरून वाचता येणे. आत कोणते लोणचे आहे हे ज्या बरणीवरून सर्वांत आधी कळते तिच्याकडे हात जातो. लेबलावरच्या बाकी सगळ्या गोष्टींनी त्या एका शब्दाला वाट करून द्यावी. हे मी वसई-विरारच्या बाजाराला धरून मांडणार आहे, कारण तिथल्या स्वयंपाकघरांतून जे निघते त्यामुळे हा प्रश्न फार स्पष्ट दिसतो.

१. गर्दी नेमकी कशाची असते

वसई रोड किंवा विरार स्टेशनजवळच्या कुठल्याही किराणा दुकानात लोणच्याच्या फळीसमोर उभे राहा. बेडेकर, प्रवीण, केप्र, निलॉन्स, रामबंधू, मदर्स रेसिपी ही नावे तिथे असतात. लाल, पिवळा, केशरी आणि हिरवा हे रंग फळीभर पसरलेले असतात, आणि काचेआडचे लोणचेही लालच असते. या फळीवर आणखी एक लाल-पिवळे लेबल ठेवले तर त्या रंगाचा ठिपका वाढतो, एवढेच. भडकपणा उठून दिसतो तो आजूबाजूला शांतता असेल तेव्हा. सगळेच भडक असेल तिथे तोच भडकपणा आपल्याला लपवतो.

दुसरी नक्कल याहून घातक आहे. मोठ्या कंपनीच्या बरणीवर कंपनीचे नाव सर्वांत मोठे असते आणि ‘आंबा लोणचे’ वगैरे त्याखाली लहान. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण गिऱ्हाईक त्या नावाच्या शोधात येते आणि नावावरच्या विश्वासाने बरणी उचलते. नालासोपाऱ्याच्या एखाद्या बचत गटाने किंवा आगाशीच्या एखाद्या घराने तीच मांडणी उचलली, तर लेबलावरची सर्वांत मोलाची जागा गिऱ्हाइकाला अजून काहीच न सांगणाऱ्या नावाला जाते. त्या नावाची ओळख पहिली बरणी संपल्यावर होणार असते. ती पहिली बरणी विकली जाते ती ‘करवंद’ या शब्दावर, कारण करवंदाचे लोणचे त्या फळीवर दुसऱ्या कुणाकडे सहसा नसते. म्हणून क्रम उलटा हवा. लोणच्याचे नाव सर्वांत मोठे, ‘लोणचे’ हा शब्द त्याखाली बराच लहान, आणि आपल्या घराचे किंवा गटाचे नाव त्याहून लहान पण नेहमी ठरलेल्या जागी. ती जागा आणि ते अक्षर वर्षानुवर्षे बदलले नाही तर ओळख आपोआप तयार होते.

‘घरगुती’, ‘चविष्ट’, ‘पारंपरिक’ हे शब्द तर दर्शनी भागावरून काढूनच टाकावेत. कारखान्यातल्या बरणीवरही ते असतात, त्यामुळे त्यांनी वेगळेपण सिद्ध होत नाही. शिवाय असे दावे कधी करता येतात याचे स्वतंत्र नियम २०१८ पासून आहेत. ‘पारंपरिक’, ‘अस्सल’, ‘ताजे’ अशा शब्दांना त्यात अटी आहेत.

२. कैरी आणि कोळंबी एकाच रंगात

वसईचे वैशिष्ट्य असे की इथल्या ईस्ट इंडियन, सामवेदी, वाडवळ आणि कोळी घरांत शाकाहारी आणि माशांची लोणची शेजारी शेजारी मुरत असतात. एकीकडे कैरी, लिंबू, करवंद. दुसरीकडे कोळंबी आणि बोंबील. निर्मळच्या जत्रेत किंवा नाताळच्या सुमारास लागणाऱ्या स्टॉलवर या सगळ्या बरण्या एकाच टेबलावर येतात. मसाला लाल, तेल लाल आणि बरणी एकाच मापाची. कैरीच्या फोडी आणि कोळंबी यांत काचेतून दिसणारा फरक वरच्या तेलाच्या थरात आणि खारात बुडालेला असतो.

इथे लेबलाचे पहिले काम दुसऱ्याच्या बरणीपासून वेगळे दिसणे हे नसून आपल्याच दोन बरण्या एकमेकींपासून वेगळ्या दाखवणे हे होते. उपासाच्या दिवशी किंवा शाकाहारी घरी चुकून कोळंबीचे लोणचे गेले तर ते गिऱ्हाईक परत येत नाही. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यासाठी तर हा तब्येतीचा प्रश्न आहे. कवचधारी जलचर भारतीय नियमांत ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करावे लागतात. मोहरी त्या यादीत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. परदेशी नातेवाइकांना बरणी पाठवताना मात्र मोहरी ठळक लिहिलेली बरी, कारण युरोपात ती यादीत आहे.

हा फरक दाखवायला बरणीवर ठरलेले चिन्ह असते: शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवे भरीव वर्तुळ, मांसाहारासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी भरीव त्रिकोण. पूर्वी दोन्हीकडे वर्तुळच असे. २०२० च्या लेबल नियमांत मांसाहाराला त्रिकोण आला, कारण ज्यांना हिरवा आणि तपकिरी यांतला फरक दिसत नाही त्यांना आकारावरून तो कळावा. लेबल करणाऱ्याने यातून घ्यायचा धडा मोठा आहे. ज्या फरकावर काही महत्त्वाचे अवलंबून असते तो फक्त रंगावर सोडू नये. कैरीला हिरवी पट्टी आणि कोळंबीला लाल पट्टी एवढ्याने भागत नाही. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली त्या दोन्ही पट्ट्या मळकट दिसतात. माशांच्या लोणच्याच्या लेबलाचा आकारच वेगळा ठेवावा. शाकाहारी लेबलाच्या कडा सरळ आणि कोळंबी-बोंबीलच्या लेबलाची वरची कड तिरपी कापलेली, असे काहीतरी. डाय कटचा खर्च एकदाच होतो, आणि त्यानंतर न वाचताही कळते.

दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर नियमाने वर्तुळाचा व्यास किमान ३ मिलिमीटर, त्रिकोणाची बाजू किमान २.५ मिलिमीटर. हे किमान माप आहे. मिश्र टेबलावर विकणाऱ्याने ते दुप्पट करावे, आणि चिन्ह लोणच्याच्या नावाला लागूनच ठेवावे. नियमालाही ते नावाजवळच हवे असते.

३. गोल बरणीवर सपाट विचार

लेबल संगणकाच्या सपाट पडद्यावर तयार होते आणि गोल काचेवर चिकटते. बहुतेक लेबलांची वाचनीयता इथेच जाते, आणि थोड्या हिशेबाने ती वाचवता येते.

समजा बरणीचा व्यास ७ सेंटिमीटर आहे. परीघ साधारण २२ सेंटिमीटर येतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला तत्त्वतः अर्धा परीघ, म्हणजे ११ सेंटिमीटर दिसतो. पण कडांकडे अक्षरे दबत जातात. मध्यापासून ४५ अंशांवर अक्षराची रुंदी सुमारे सत्तर टक्के उरते, ६० अंशांवर निम्मी. म्हणून मुख्य शब्द मध्यापासून दोन्हीकडे ४५ अंशांत बसवावा. या बरणीवर ती पट्टी साडेपाच सेंटिमीटर रुंद येते. त्यापलीकडे दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर दुय्यम मजकूर चालेल. त्याहून पुढे जे आहे ते बरणी फिरवल्यावरच वाचले जाणार, असे धरून चालावे.

आता उंची. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यावर ६/६ ची ओळ सहा मीटरवरून वाचायची असते आणि तिची अक्षरे जेमतेम ९ मिलिमीटर उंच असतात. त्याच प्रमाणात दोन मीटरवरून वाचायला सुमारे ३ मिलिमीटरचे अक्षर पुरावे. पण हे झाले निर्दोष नजरेचे, चांगल्या उजेडातले, थांबून केलेले वाचन, तेही काळ्या-पांढऱ्या रोमन अक्षरांचे. दुकानात माणूस चालत असतो, चष्मा पिशवीत असतो आणि नजर एका फळीवर दोन-तीन सेकंद टिकते. म्हणून तिप्पट धरावे: शिरोरेखेपासून अक्षराच्या तळापर्यंत ९ ते १० मिलिमीटर. या उंचीचा ‘करवंद’ ठसठशीत टाइपात ४ सेंटिमीटरच्या आसपास रुंद होतो आणि साडेपाच सेंटिमीटरच्या पट्टीत आरामात बसतो. ‘कोळंबी’ त्याहून थोडा रुंद, तोही बसतो. ‘ओल्या हळदीचे लोणचे’ एका ओळीत बसत नाही. तिथे ‘ओली हळद’ असे लिहून ‘लोणचे’ खाली घ्यावे. शब्द बसत नाही म्हणून अक्षर आडवे दाबणे हा उपाय मुळीच नव्हे. दाबलेल्या अक्षराच्या उभ्या रेषा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात, आणि वळणाचा तोल जातो.

४. देवनागरीचा स्वतःचा हिशेब

लेबलाविषयीचे बहुतेक सल्ले रोमन अक्षरांसाठी लिहिलेले असतात, आणि ते जसेच्या तसे उचलले की मराठी लेबल बिघडते. देवनागरीत अर्थ शिरोरेखेच्या वर आणि अक्षराच्या खालीही असतो. ‘लिंबू’ हा एकच शब्द पाहा. वर वेलांटीचे वळण आणि अनुस्वार, खाली दीर्घ ऊकार. मधल्या अक्षराची उंची १० मिलिमीटर असेल तर हा शब्द प्रत्यक्षात १८ मिलिमीटरच्या आसपास उभी जागा मागतो. ती न देता वरची पट्टी किंवा खालची ओळ जवळ आणली की ऊकार खालच्या शब्दाच्या मात्रेत अडकतो. मुख्य शब्दाच्या वर आणि खाली अक्षराच्या उंचीच्या निम्मी जागा मोकळी सोडावी, एवढे सोपे माप पुरते.

अनुस्वाराकडे विशेष लक्ष हवे. ‘करवंद’, ‘कोळंबी’, ‘लिंबू’, ‘आंबा’, ‘अंबाडे’. लोणच्याच्या नावांत अनुस्वार भरपूर आहेत. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापली की शाई कडांनी थोडी आत सरकते आणि सर्वांत आधी हे टिंब भरून जाते. ठळक टाइपात टिंब मोठे असते म्हणून मुख्य शब्द निभावतो. साहित्याच्या बारीक यादीत मात्र पांढरी अक्षरे वापरूच नयेत. तिथे फिक्या जमिनीवर काळी अक्षरे हवीत, आणि तो काळा रंग एकट्या काळ्या शाईचा हवा. चार शाया मिसळून केलेल्या काळ्यात एखादी शाई केसभर सरकली तरी बारीक अक्षराला रंगीत सावली येते, आणि ‘ष’, ‘क्ष’, ‘ळ’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते.

टाइप निवडताना मी दोनच गोष्टी पाहीन. एक, ठळक वजनातही अक्षराच्या गाठी आणि पोकळ्या उघड्या राहतात का. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टाइप मोफत मिळतात. मुख्य शब्दाला बलूसारखा जाड, गोलसर टाइप आणि बारीक मजकुराला मुक्त ही जोडी लेबलाला पुरेशी आहे. तिसरा टाइप आणला की गोंधळ सुरू होतो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे. महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मान्य केले आहेत, पण संगणकावर पुष्कळदा हिंदीतली वळणे उमटतात. अनेक नव्या टाइपांत दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की मराठी रूप येते. ‘लोणचे’ या शब्दाचे पहिलेच अक्षर ल आहे, म्हणून ही तपासणी टाळू नये. मराठी वाचकाला परके वळण खटकते, मग त्याला कारण सांगता येवो वा न येवो.

छापखान्यात होणारा एक घोटाळा इथेच सांगायला हवा. घरी युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्यातल्या जुन्या कोरलड्रॉमध्ये चिकटवला की जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ‘मिरची’तली वेलांटी म च्या उजवीकडे पडते, ‘हिंग’ बिघडतो, ‘मीठ’ मात्र ठीक राहतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला चूक दिसत नाही. उपाय दोन. अक्षरांचे आकारांत रूपांतर करून, म्हणजे ‘कर्व्ह्ज’ करून, पीडीएफ पाठवावी. आणि छापण्याआधीचा नमुना पाहताना मजकुरातली प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी आणि प्रत्येक रफार बोटाने टिपत जावे.

शिरोरेखेचा एक फायदाही आहे, आणि तो रोमन लिपीला मिळत नाही. कैरी, लिंबू, करवंद या सगळ्या बरण्यांवर मुख्य शब्दाची शिरोरेखा बरणीच्या तळापासून एकाच उंचीवर ठेवली, तर फळीवर शेजारी ठेवलेल्या बरण्यांतून एक सरळ रेघ धावते. एका घराच्या पाच बरण्या दुरून एक गट म्हणून ओळखू येतात, आणि त्यासाठी लेबलावर काहीही वाढवावे लागत नाही. ‘कैरी’ लहान शब्द आहे म्हणून तो दुप्पट मोठा करण्याचा मोह होतो. तो आवरावा, रेघ मोडते.

५. सक्तीचा मजकूर कुठे जाईल

साहित्याची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने, तेलाचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, पोषणविषयक मजकूर जिथे लागू असेल तिथे. एवढी यादी पाहून लोक म्हणतात की मोकळी जागा सोडायला जागाच कुठे आहे. पण यातले फार थोडे समोर असावे लागते. लोणच्याचे नाव, शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह, निव्वळ वजन आणि ठरलेल्या जागी घराचे किंवा गटाचे नाव पुढे ठेवावे. बाकी सगळे बरणीच्या मागच्या लेबलावर, एका ठिकाणी, एका क्रमाने. समोरच्या लेबलावर बारीक मजकुराची एकही ओळ न ठेवणे हा मोठ्या अक्षरासाठी जागा मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला पाहिजे. मराठी त्याच्या जोडीला चालते, त्याच्या बदल्यात नाही. याचा सोपा अर्थ लावून पुष्कळजण सगळे लेबल इंग्रजीत करतात आणि एका कोपऱ्यात मराठी नाव ठेवतात. तसे करण्याचे कारण नाही. पुढे ‘करवंद’ मोठे आणि त्याखाली इंग्रजी नाव त्याच्या एक तृतीयांश उंचीत. मागे सक्तीचा मजकूर इंग्रजीत आणि साहित्य, वापराची मुदत, तक्रारीचा फोन मराठीतही. वसई-विरारच्या लोकलमध्ये गुजराती, हिंदी, मल्याळम बोलणारी माणसे रोज असतात, म्हणून इंग्रजी नाव हवेच. ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले तरी त्यांचे काही अडत नाही. दोन्ही भाषांना समान उंची दिली तर मात्र दोन्ही अर्ध्या होतात आणि दुरून एकही वाचता येत नाही.

६. तेलाखाली काय टिकते

आतापर्यंतचा सगळा हिशेब पहिल्या दिवशीच्या लेबलाचा होता. लोणच्याचे लेबल दुसऱ्याच दिवशी तेलाला भेटते. चमचा काढताना ओघळ येतो, प्रवासात झाकणाखालून तेल झिरपते, तेलकट हातांनी बरणी उचलली जाते. साध्या कागदात तेल मुरले की कागद अर्धपारदर्शक होतो आणि मागचे लाल लोणचे अक्षरांमागून दिसू लागते. शाई जशीच्या तशी असते, पण पांढरी जमीन नाहीशी झाल्याने वाचता येत नाही. घरच्या इंकजेटवर छापलेले लेबल तर फ्रीजमधून बाहेर काढल्यावर येणाऱ्या दवानेच पसरते. लेझर प्रिंटरची छपाई त्या मानाने टिकते, पण कागद तोच असेल तर तेलाचा डाग टळत नाही.

म्हणून पांढऱ्या पीपी फिल्मचे स्टिकर घ्यावे, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर स्टॉलचा दिवा नेमका मुख्य शब्दावर चमकतो. पारदर्शक फिल्म सुंदर दिसते म्हणून हल्ली मागितली जाते, पण तिच्यावरच्या अक्षराला लाल लोणच्याचीच जमीन मिळते; त्यावर लाल, तपकिरी किंवा काळे काहीही छापले तरी विरोध उरत नाही. ती घ्यायचीच तर अक्षरांखाली पांढऱ्या शाईचा थर छापून घ्यावा लागतो, आणि प्रत्येक छापखान्यात ती सोय नसते.

तारखेचे काय, हा प्रश्न लॅमिनेशननंतर उभा राहतो. बॉलपेन त्यावर उमटत नाही, रबरी शिक्का पुसला जातो, मार्करची शाई तेलकट बोटाने निघते. दुकानातल्या बिलासारख्या थर्मल कागदावर तारीख छापून चिकटवली तर तेल लागल्यावर ती फिकी पडत जाते, आणि नेमकी वापराची मुदत वाचता येईनाशी होते. मागच्या लेबलावर एक छोटा चौकोन लॅमिनेशनशिवाय ठेवून घ्यावा किंवा रिबनवर चालणाऱ्या लेबल प्रिंटरने वेगळी फिल्मची पट्टी काढावी. ती पट्टी झाकण आणि बरणी यांच्यावरून आडवी चिकटवली तर बरणी उघडलेली नाही याची खूणही मिळते.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की असे साधे लेबल औषधाच्या बाटलीसारखे दिसेल, आणि लोणच्याला भूक लागावी असे रूप हवे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण साधेपणाच्या नावाखाली पांढऱ्यावर राखाडी, केसासारख्या बारीक अक्षरांची लेबले खरोखरच होतात आणि ती लालभडक लेबलांइतकीच निरुपयोगी असतात. पण मी सुचवतो त्यात रंग आहे. तो एकच आणि सपाट आहे. लाल-पिवळ्या फळीवर गडद निळा किंवा दुधाळ पांढरा रंग जवळजवळ नसतो. दुधाळ जमिनीवर गडद निळा ‘करवंद’ छापून पाहावा. भूक लागावी यासाठी चित्राची गरज नाही, कारण खुद्द लोणचे काचेतून दिसते. लेबल बरणीच्या खालच्या दोन तृतीयांश भागात ठेवले तर वर तेलाचा थर उघडा राहतो, आणि लोणचे जाणणारी बाई बरणी उचलल्यावर आधी तिथेच पाहते. फोडी तेलात बुडालेल्या आहेत की वर आल्या आहेत, हे तिला कोणतेही चित्र सांगू शकत नाही. छापलेल्या कैरीने ती जागा झाकणे म्हणजे आपला सर्वांत चांगला पुरावा झाकणे आहे.

दुसरा आक्षेप: आमची विक्री फळीवर होतच नाही, ओळखीत आणि व्हॉट्सॲपवर होते. मग तर मोठ्या शब्दाची गरज वाढते. फोनवर बरणी दोन-तीन सेंटिमीटरची दिसते. फळीवर दोन मीटरवरून जे वाचता येत नाही ते तिथेही वाचता येत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. वर्षाला शंभर-दोनशे बरण्या करणाऱ्या घराला डाय कट, फिल्म, लॅमिनेशन, प्रत्येक प्रकाराचे वेगळे लेबल हे परवडत नाही. तिथे मी लेबलाचे दोन भाग करीन. घराचे नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, फोन हे कधी न बदलणारे मागचे लेबल एकदाच जास्त संख्येने छापून घ्यावे. पुढचे लेबल, ज्यावर फक्त लोणच्याचे नाव, चिन्ह, वजन आणि ठरलेल्या जागी घराचे नाव आहे, ते लेझरवर फिल्मच्या ए-फोर शीटवर लागेल तेवढेच काढावे. तिरपी कड कात्रीनेही कापता येते. साहित्य, बॅच क्रमांक, किंमत आणि तारीख छोट्या पट्टीवर. असे केले की करवंदाचा हंगाम संपल्यावर करवंदाची लेबले कपाटात पडून राहत नाहीत, आणि किंमत बदलली म्हणून जुन्या आकड्यावर नवा कागद चिकटवण्याची वेळ येत नाही. तसे चिकटवणे नियमातही बसत नाही.

८. छापण्याआधीची परीक्षा

लेबल साध्या कागदावर प्रत्यक्ष आकारात काढावे. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ बंद हवे, नाहीतर १० मिलिमीटरचे अक्षर ९ चे होते आणि आपल्याला कळत नाही. म्हणून पट्टीने मोजावे. ते भरलेल्या बरणीवर गुंडाळावे, कारण रिकाम्या काचेवर सगळेच वाचता येते. ओळखीच्या दुकानदाराच्या फळीवर दोन कंपन्यांच्या बरण्यांमध्ये ठेवून चार पावले मागे यावे आणि फोनवर काळा-पांढरा फोटो काढावा. त्या फोटोत नाव वाचता आले नाही तर रंग बदलून उपयोग नाही. अक्षर आणि जमीन यांतला गडद-फिक्याचा फरक वाढवायला हवा. मग कैरी आणि कोळंबी शेजारी ठेवून चाळिशी ओलांडलेल्या कुणाला तरी चष्म्याशिवाय विचारावे की कोळंबीची बरणी कोणती. उत्तर द्यायला ती व्यक्ती पुढे झुकली तर लेबल अजून तयार नाही.

अखेरची परीक्षा प्रत्यक्ष फिल्मच्या नमुन्यावर. ज्या तेलात लोणचे घातले आहे तेच तेल बोटाने अक्षरांवर आणि कडांवर चोळावे, बरणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी, सकाळी बाहेर काढून दव आल्यावर ओल्या फडक्याने पुसावी. मग तीन ठिकाणी पाहावे: लेबलाची कड उचलली गेली का, तारखेचा चौकोन वाचता येतो का, आणि नावावरचा अनुस्वार जागेवर आहे का. कड उचलली असेल तर दोष बहुधा डिंकाचा नसतो. बरणी भरल्यावर काच नीट न पुसता लेबल लावलेले असते. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून काच पुसावी, पूर्ण कोरडी करावी, आणि लेबल मधून कडांकडे दाबत लावावे.